शंभरात अठ्ठावीस

मृगाच्या आधीचे पंधरा दिवस कृषी केंद्राच्या काउंटरवर काढले की मुका माणूससुद्धा बोलका होतो. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी असे तीन हंगाम काढले. कृषी पदविका नुकतीच हातात पडलेली, गावातच नोकरी मिळाली म्हणून घरचे खूश, आणि मला वाटायचं की विकणं म्हणजे बोलणं. समोरच्याने प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर तयार ठेवायचं, आणि उत्तराच्या शेवटी पिशव्यांचा आकडा यायला हवा. पहिल्या हंगामात ते जमलंही. मालक इतर पोरांना म्हणायचे, "याच्याकडून शिका, हा गिऱ्हाईक मोकळं सोडत नाही."

दुसरा हंगाम २०२०चा. टाळेबंदी होती, पण कृषी केंद्रं उघडी होती. दुकानापुढे फक्कीने गोल आखलेले आणि त्या गोलांत तोंडाला रुमाल बांधून शेतकरी उभे. मालकांच्या डोक्यात एका बियाणे कंपनीची योजना होती. सोयाबीनच्या पिशव्यांचा ठरलेला आकडा गाठला तर दुकानाला जास्तीची सूट आणि आम्हा पोरांना प्रत्येकी काहीतरी. तीस किलोची पिशवी तेव्हा सव्वादोन-अडीच हजारांच्या घरात होती. दुकानाला पिशवीमागे सुटायचे शंभर रुपये, कधी त्याहून थोडे जास्त. हा शंभराचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आप्पा आले. त्यांचं खरं नाव इथे नको, सगळं गाव त्यांना आप्पाच म्हणतं. पाच एकर जमीन, सगळी सोयाबीनखाली. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यांनी काउंटरवर सोडली. आत मूठभर सोयाबीन.

"घरचं हाय. पेराया चालंल का, बघ जरा."

मी एक दाणा बोटांत धरला, फिरवला आणि खाली टाकला. "आप्पा, गेल्या दिवाळीत किती पाऊस झाला, विसरलात का? काढणीत भिजलेलं बी आहे, उगवायचं नाही. पाच पिशव्या घेऊन जा, डोक्याला ताप नको."

"माझं भिजण्याआधी..." एवढंच ते म्हणाले. मागच्या गोलातल्या माणसाला मी हात करून पुढे बोलावत होतो. आप्पांनी पुरचुंडी बांधली. पाच पिशव्यांचे साडेअकरा हजार झाले. पैसे दिवाळीला, सोयाबीन निघाल्यावर. मी वहीत उधारी मांडली, लॉट नंबर टाकून पावती फाडली आणि पुढच्याकडे वळलो. सगळं मिळून तीन मिनिटंसुद्धा लागली नसतील.

माझ्या बोलण्यात सरसकट खोटं काही नव्हतं, आणि अडचण तिथेच होती. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीन काढणीला आलेलं असताना मराठवाड्यात पाऊस कोसळला आणि पुष्कळ ठिकाणी शेंगा झाडावरच भिजल्या. भिजलेल्या शेंगेतला दाणा वरून ठीक दिसतो, पण त्याची उगवणशक्ती गेलेली असते. मात्र हे जसं आप्पांच्या घरच्या बियाण्याला लागू होतं, तसंच कंपनीच्या पिशवीतल्या बियाण्यालाही होतं. कंपनीचं सोयाबीन काही आभाळातून पडत नाही. तेही कुठल्यातरी शेतकऱ्याच्या रानातच पिकतं आणि त्याच पावसात भिजतं. मी आप्पांना पावसाची आठवण करून दिली आणि पिशवीच्या बाबतीत तोच पाऊस विसरलो.

सोयाबीन घरचं पेरता येतं, हे शहरातल्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. हे पीक स्वतःच्याच परागावर फळतं. कपाशीच्या संकरित वाणासारखं दरवर्षी नवं बियाणं घ्यावं लागत नाही. एकदा चांगलं बियाणं आणलं की पुढची दोन-तीन वर्षं घरचंच पेरलं तरी वाण टिकून राहतो. अट एकच, ते उगवलं पाहिजे. आणि सोयाबीनचा दाणा तिथेच नाजूक. वरचं साल अगदी पातळ, आणि कोंब फुटायची जागा त्या सालाखाली लगेचच. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला की दाण्याला मार बसतो. पोतं खांद्यावरून धाडकन टाकलं, थप्पीवर थप्पी रचली, ओलसर जागेत ठेवलं, की उगवण घसरते. ज्वारीचं पोतं जसं हाताळतो तसं हे हाताळून चालत नाही. आमच्या गोदामात मात्र हमाल दोन्ही सारखीच फेकायचे, आणि त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मीही नाही.

दुकानातल्या पिशवीला खूणचिठ्ठी असते. प्रमाणित बियाण्याची निळी, सत्यप्रत बियाण्याची हिरवी. किमान उगवण शेकडा सत्तर, असं तिच्यावर छापलेलं असतं. ती चाचणी बियाणं पिशवीत भरताना झालेली असते. त्यानंतर पिशवी किती ट्रकांतून उतरली, कुठल्या पत्र्याखाली तापली, हे चिठ्ठी सांगू शकत नाही. मी मात्र चिठ्ठीवर बोट ठेवून सांगायचो, "सत्तर टक्के लिहिलंय बघा."

पाऊस वेळेवर झाला. वीतभर ओल गेली आणि लोकांनी पेरण्या उरकल्या. आप्पांनी १४ जूनला पेरलं. सोयाबीन चौथ्या-पाचव्या दिवशी जमीन फोडून वर येतं, आठव्या दिवशी ओळी दिसायला लागतात. दुकानदाराच्या दृष्टीने बियाण्याइतका उघडा माल दुसरा नाही. खत कमी पडलं की नाही यावर वाद घालता येतो. औषधाचा गुण आला नाही तर पावसाने धुऊन नेलं म्हणता येतं. बियाण्याचा निकाल मात्र आठवड्याभरात रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा लागतो.

२२ तारखेपासून दुकानात माणसं यायला लागली. हातात रिकामी पिशवी, तोंडात एकच वाक्य, उगवलंच नाही. त्या वर्षी हे आमच्या गावापुरतं नव्हतं. राज्यभरातून तक्रारी होत्या, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तर आपणहून दखल घेतली. दुकानात मात्र आमचं उत्तर ठरलेलं होतं. मालकांनी सकाळीच आम्हाला सांगून ठेवलं होतं, "खोल पेरलं असेल म्हणायचं. नाहीतर ओल कमी होती म्हणायचं."

खोल पेरल्याने किंवा ओल कमी पडल्याने उगवण खरोखरच जाते, त्यामुळे हे उत्तर चालायचं. शेतकऱ्यालाही क्षणभर शंका यायची की चूक आपलीच असेल. मी तीन दिवस तेच सांगितलं. चौथ्या दिवशी आप्पा आले. भांडले नाहीत. "रानात ये एकदा," एवढंच म्हणाले आणि उन्हात मोटारसायकलपाशी जाऊन उभे राहिले.

मी गेलो, ते बरंचसं त्यांना गप्प करायलाच. कॉलेजात शिकवलेली एक गोष्ट डोक्यात होती. ओळीतलं एक मीटर अंतर मोजायचं आणि त्यातली रोपं मोजायची. हिशेब सोपा आहे. मध्यम आकाराच्या सोयाबीनचे किलोला आठ हजारांच्या वर दाणे बसतात, म्हणजे तीस किलोच्या पिशवीत साधारण अडीच लाख. दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवून एक पिशवी एकरभर पेरली तर ओळीच्या प्रत्येक मीटरला सत्तावीस-अठ्ठावीस दाणे पडतात. शेकडा सत्तर उगवलं तर एकोणीस-वीस रोपं दिसायला हवीत. रोपातलं अंतर दोन इंच ठेवा असं सांगतात, ते यातूनच येतं.

आप्पांच्या रानात पाच ठिकाणी मोजलं. नऊ, सहा, अकरा, सात, सात. सरासरी आठ. अठ्ठावीस दाण्यांतून आठ, म्हणजे शंभरात अठ्ठावीस.

मग मी खुरपं मागितलं. उगवलं नाही म्हणजे बी खराब, असं लगेच म्हणता येत नाही. जिथे रोप नाही तिथली ओळ हलक्या हाताने उकरायची आणि दाणा कोणत्या स्थितीत आहे ते बघायचं. दाणा कोरडा, जसाच्या तसा टणक असेल तर ओल पोचली नाही, त्यात बियाण्याचा दोष नाही. कोंब फुटून जमिनीखालीच वेडावाकडा वळलेला असेल तर पेरणी खोल गेली, किंवा पेरल्यावर जोराचा पाऊस पडून वर पापडी धरली. दोन बोटांची पेरं एवढी खोली पुरे असते, त्याहून खाली गेलं तर सोयाबीनला वर यायला दम पुरत नाही. आणि दाणा फुगून, कोंब न काढता, बोटांत दाबल्यावर चिखलासारखा पिचला, आणि रानात पाणी साचल्याची खूण नसली, तर बी मेलेलंच होतं.

आप्पांच्या रानात दाणे पिचत होते. मी सात-आठ ठिकाणी उकरलं. खोली बरोबर होती, माती मऊ होती, ओल होती. बोटांना तो कुजका वास येत होता. बांधावर बसलेल्या आप्पांनी विचारलं, "खोल गेलंय का रे?"

तोंडावर आलेलं उत्तर मला देता येईना. "नाही," मी म्हणालो. "बी खराब होतं."

बांधापलीकडे त्यांच्या चुलतभावाचं रान होतं. हिरव्या ओळी सलग. तिथेही मोजलं. एकोणीस, सतरा, एकवीस. त्यांनी घरचं बी पेरलं होतं, पण पेरण्याआधी पोत्यात घालून बघितलं होतं. शंभरात बासष्ट आलं, म्हणून एकरी तीसऐवजी चौतीस किलो टाकलं. कृषी खात्याचा नियम एवढाच आहे. सत्तर उगवण धरून एकरी तीस किलो, आणि सत्तरच्या खाली जितके टक्के जाईल तितके अर्धे किलो वाढवायचे. साठच्या खाली गेलं तर ते बियाणं म्हणून वापरायचं नाही, बाजार दाखवायचा.

"तुमचं ते रुमालातलं कुठंय?" मी विचारलं. वाटलं, निदान दुबार पेरणीला ते कामी येईल.

"विकलं की." आप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तूच म्हणलास उगवत न्हाई. मग कशाला ठेवायचं? चार पोती आडतीला घातली." आणि मग त्या दिवशी काउंटरवर अर्धवट राहिलेलं वाक्य त्यांनी पुरं केलं. "माझं भिजण्याआधी निघालेलं होतं. आठ दिवस आधी काढलं होतं मी."

परत येताना मी मोटारसायकल मुद्दाम हळू चालवली. दुकानात मला काय बोलायचंय ते ठरत नव्हतं.

तक्रार करायची तर शेतकऱ्याला तीन गोष्टी लागतात. पावती, पिशवी तिच्या खूणचिठ्ठीसकट, आणि जमलं तर पिशवीतलं थोडं उरलेलं बी. मग तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज द्यायचा. कृषी खात्याचे अधिकारी आणि शास्त्रज्ञ रानात येऊन पंचनामा करतात. आप्पांकडे रिकाम्या पिशव्या होत्या, पावती नव्हती. ती बहुधा धुण्यात गेली असावी. पावती नसेल तर बियाणं कुठल्या दुकानातून आलं हेच सिद्ध होत नाही, आणि आमच्या दुकानात हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

पावती पुस्तकात कार्बन प्रत होती. तिच्यावर माझंच अक्षर, आप्पांचं नाव, लॉट नंबर, ७ जून. मी तिची झेरॉक्स काढून आणली. मालकांनी विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. ते ओरडले नाहीत, पण कॅलक्युलेटर पुढे ओढून म्हणाले, "एकाला दिलीस की वीस येतील. मग दुकान कोण चालवायचं, तू?"

वीस आले नाहीत, अकरा आले. सगळ्यांना प्रती दिल्या. पंचनामे झाले. त्या पंचनाम्यांचं पुढे काय झालं याची कहाणी लांबलचक आहे आणि त्यात कोणाचीच शोभा नाही. आप्पांच्या हातात नुकसानभरपाई म्हणून मी असेपर्यंत काही पडलेलं नव्हतं. दुबार पेरणीला त्यांनी चुलतभावाकडून उरलेलं बी उसनं घेतलं आणि ४ जुलैला पेरलं. सोयाबीनला जुलैच्या मध्यापर्यंत पेरून चालतं, पण वीस दिवस उशीर झाला की झाड लहान राहतं आणि शेंगा कमी धरतात. वर ऑक्टोबरात पुन्हा पाऊस. भावाला एकरी सहा क्विंटलच्या वर झालं, आप्पांना चारसुद्धा पुरते नाहीत.

दिवाळीनंतर वसुली सुरू झाली. बाहेरच्या माणसाला वाटतं, दुकानदाराचा धंदा जूनमध्ये होतो. जूनमध्ये होते ती नुसती लिखापढी. निम्म्याहून जास्त माल उधारीवर गेलेला असतो आणि खरी विक्री होते ती नोव्हेंबरात, पैसे गल्ल्यात पडतात तेव्हा. आप्पा एका दुपारी आले. बनियनच्या खिशातून नोटा काढून त्यांनी काउंटरवर मोजल्या. तीन हजार दोनशे वीस.

मालक म्हणाले, "आप्पा, साडेअकरा हजार आहेत."

"ठाव हाय. तुमच्याच पोरानं मोजलंय. शंभरात अठ्ठावीस उगवलं. तेवढ्याचे देतो. न उगवल्याचे कशाचे द्यायचे?"

मी वहीकडे बघत राहिलो. मालकांनी मला नंतर जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण रात्री हिशेब जुळवताना मी कागदावर साधी वजाबाकी केली. बाकी राहिले आठ हजार दोनशे ऐंशी. पिशवीमागे शंभर सुटतात. म्हणजे एका आप्पांची उधारी भरून काढायची तर ब्याऐंशी-त्र्याऐंशी पिशव्यांचा फायदा घालवावा लागणार. त्या दिवशी तीन मिनिटांत मी पाचशे रुपये मिळवले म्हणून खूश होतो. त्या वर्षी असे अडकलेले खातेदार आमच्या वहीत पंचवीस-तीस होते. योजनेची सूट कधीच खर्ची पडली होती. मी तो कागद मालकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून खिशात टाकला आणि काही बोलले नाहीत.

२०२१च्या एप्रिलमध्ये मी दुकानाच्या मागच्या पडवीत दहा-बारा जुनी बारदानं धुऊन वाळत घातली. मालकांनी विचारलं, हे काय? म्हटलं, उगवण तपासायची. लोक घरचं बी आणतील, आपण बघून देऊ. "मग आपलं कोण घेणार?" या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. त्या वर्षी मात्र परिस्थितीच माझ्या बाजूने उभी राहिली, हे कबूल करायला हवं. आदल्या ऑक्टोबरच्या पावसाने बियाण्याचे प्लॉट पुन्हा भिजले होते. कंपन्यांकडून माल कमी येत होता आणि पिशवीचा दर बराच वाढला होता. कृषी खातंही गावोगाव घरचं बियाणं राखा म्हणून सांगत होतं. विकायला पिशव्याच पुरेशा नव्हत्या, तेव्हा माझ्या बारदानांना मालकांनी विरोध केला नाही. भरपूर माल असता तर काय झालं असतं, मला सांगता येणार नाही.

ही तपासणी कोणीही घरी करू शकतो. पोत्याच्या वरच्या थरातलं बी घ्यायचं नाही. वरून, मधून, तळातून मूठ-मूठ काढून एकत्र करायचं. त्यातून न निवडता शंभर दाणे मोजायचे. न निवडता, हे महत्त्वाचं. माणसाचा हात आपोआप गोल, पिवळेधमक दाणे उचलतो आणि मग नव्वद टक्के उगवण दिसते. शेतात मात्र पेरणी यंत्र निवडत बसत नाही. बारदानाचा तुकडा ओला करून पिळायचा, पाणी निथळता कामा नये. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा घालायचा, चटईसारखी गुंडाळी करून दोन्हीकडे सुतळी बांधायची आणि सावलीत ठेवायची. रोज थोडं पाणी शिंपडायचं. सहाव्या-सातव्या दिवशी उलगडायचं. ज्यांना मूळ आणि कोंब दोन्ही धड आहेत तेवढेच मोजायचे. नुसती शेपटी निघालेला, कुजका, दलं तुटलेला दाणा धरायचा नाही. एकाच बियाण्याच्या अशा तीन गुंडाळ्या केल्या तर आकडा खात्रीचा.

लोक यायला लागले. पहिल्या आठवड्यात सात जण, मेच्या शेवटी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. गुंडाळ्यांना चिठ्ठ्या बांधलेल्या, चिठ्ठीवर नाव आणि तारीख. सत्तरच्या वर आलं की सांगायचो, पिशवी घेऊ नका. साठच्या खाली आलं की सांगायचो, हे विका, थोड्या पिशव्या आहेत त्यातली एक तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. मधलं असेल तर किती किलो वाढवायचं ते लिहून द्यायचो. काही जण फुकट तपासून घेऊन पलीकडच्या दुकानातून खत उचलायचे. ते दिसायचं, रागही यायचा. बरेच जण मात्र जाताना थायरम मागायचे, किलोला तीन ग्रॅम चोळायला. रायझोबियमची पाकिटं न्यायचे. आधी बुरशीनाशक, सावलीत वाळवून मग पेरणीच्या तोंडावर जिवाणू, हा क्रम उलटा करू नका, हे मी प्रत्येकाला सांगायचो आणि त्यासाठी पहिल्यांदाच मला तीन मिनिटांहून जास्त वेळ मिळत होता. रायझोबियमचं एक पाकीट काही शंभर रुपये मिळवून देत नाही. पण त्या दिवाळीला मालकांनी वसुलीची वही बंद केली तेव्हा तपासणीला आलेल्यांपैकी दोघांचीच नावं लाल शाईत होती.

आप्पा जूनच्या पहिल्या तारखेला आले. सात महिने त्यांनी दुकानाची पायरी चढली नव्हती. रस्त्यात दिसले की मान हलवायचे, तेवढंच. या वेळी रुमाल नव्हता, शर्टाच्या ओट्यात शेर-दीड शेर बी होतं. मी बारदान ओलं केलं आणि मोजायला हात पुढे केला.

"तू नगं," ते म्हणाले. "मी मोजतो."

पडवीत मांडी घालून बसले. दहा-दहाच्या ओळी लावताना एक फुटका दाणा हातात आला. त्यांनी तो बाजूला टाकायला उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि परत ओळीत ठेवला. गुंडाळी त्यांनीच बांधली. चिठ्ठीवर मी नाव लिहिलं.

आठ तारखेला उलगडली तीही त्यांनीच. दोनदा मोजलं. सहासष्ट.

"बत्तीस किलो एकरी," मी म्हणालो. "पाच एकराला एकशे साठ. पिशवी लागत नाही तुम्हाला."

"लिहून दे."

मी चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं. त्यांनी ती वाचली, पुन्हा माझ्याकडे सरकवली.

"खाली सही कर. मागल्या साली नुसतं तोंडानं सांगितलं होतंस."